विश्लेषण : पात्र खोटे बोलते आहे, हे प्रेक्षकाला कसे कळते?

मालिकेत नवरा बायकोला खोटे सांगतो तेव्हा काय होते? तो अडखळतो, कपाळावरचा घाम पुसतो, नजर चुकवतो, पार्श्वसंगीत घुमते आणि कॅमेरा तीन वेळा त्याच्या चेहऱ्यावर जातो. घराघरातल्या प्रेक्षकाला कळते की हा खोटे बोलतोय. समोर उभ्या असलेल्या बायकोला मात्र कळत नाही. मग प्रेक्षक नवऱ्याऐवजी बायकोवरच वैतागतो. दोष अभिनेत्रीचा नसतो, तो लिहिण्यात असतो. खोटे बोलण्याचा प्रसंग लिहिणे हे नाटक, चित्रपट आणि मालिकांच्या लेखकांसमोरचे नेहमीचे आणि अवघड काम आहे. पात्राने खोटेच बोलायचे, समोरच्याने ते निदान क्षणभर तरी मानायचे आणि तरीही प्रेक्षकाला खरे काय ते जाणवायचे, हे तिन्ही एकाच वेळी कसे साधते, त्याचा हा आढावा.

घाम आणि चुकवलेली नजर का पुरत नाही?

खोटे बोलणारा माणूस डोळ्याला डोळा देत नाही, ही समजूत जगभर आहे. ५०हून अधिक देशांत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत खोटारड्याची खूण म्हणून लोकांनी सर्वाधिक वेळा हेच उत्तर दिले. प्रत्यक्षात ही खूण फारशी भरवशाची नाही. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २४ हजारांहून अधिक लोकांनी खरे-खोटे ओळखण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे बरोबर येण्याचे प्रमाण सरासरी ५४ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी ५० टक्के बरोबर आले असते.

लेखकासाठी यातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे खऱ्या आयुष्यात खोटे सहसा चेहऱ्यावरून पकडले जात नाही. ते पकडले जाते ते आधी माहीत असलेल्या एखाद्या गोष्टीशी त्याचा मेळ बसत नाही म्हणून. दुसरी म्हणजे घाम, थरथर, नजर चुकवणे या खुणा फक्त ‘काहीतरी गडबड आहे’ एवढेच सांगतात. गडबड काय आहे ते सांगत नाहीत. भीतीनेही घाम येतो, लाजेनेही येतो आणि मे महिन्यात तर कुणालाही येतो. प्रेक्षकाला खोट्यामागचे खरे नेमके जाणवायला हवे असेल, तर लेखकाला त्या विशिष्ट खोट्यातूनच उगवणारी खूण शोधावी लागते.

एक प्रसंग घेऊ...

समजा, अनंत आणि शैला हे पन्नाशीतले जोडपे आहे. दोन महिन्यांपूर्वी मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी पैसे कमी पडले. ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज मिळाले, असे अनंतने घरी सांगितले. खरे तर त्याने लॉकरमधल्या शैलाच्या पाटल्या तिला न विचारता काढल्या आणि सोनेतारण कर्जासाठी गहाण ठेवल्या. आता रविवारी शैलाच्या भाचीचा साखरपुडा आहे. तिने पाटल्या आणायला सांगितल्या आहेत आणि शुक्रवारची रात्र झाली आहे. नवखा लेखक हा प्रसंग बहुधा असा लिहील :

शैला : पाटल्या आणल्यात का हो?
अनंत : (दचकतो. घाम पुसतो.) अं... पाटल्या? न... नाही. बँक बंद होती.
शैला : शुक्रवारी बँक बंद?
अनंत : (नजर चुकवत) म्हणजे... लॉकर बंद होता.
शैला : बरं.

पहिल्याच वाक्याला प्रेक्षकाला संशय येतो आणि शेवटच्या वाक्यापर्यंत तो तेवढाच राहतो. मधल्या ओळींत त्यात काही भर पडत नाही. अनंत असे का करतो आहे, पाटल्यांचे काय झाले, याचा एक कणही हाती लागत नाही. आणि शैलाचे ‘बरं’ ऐकून ती मूर्ख वाटते, कारण तिच्यासमोर जे घडले ते न दिसणे अशक्य होते. आता हाच प्रसंग वेगळ्या पद्धतीने लिहून पाहू :

(अनंत वर्तमानपत्र पसरून मटार सोलतो आहे. शैला पलंगावर साड्या मांडून बसली आहे.)
शैला : पाटल्या आणल्यात का हो?
(अनंतचे हात थांबतात. तो मान वर करून तिच्याकडे बघतो.)
अनंत : गेलो होतो. साडेअकराला गेलो. लॉकरच्या त्या मॅडम रजेवर. दुसरी चावी मॅनेजरकडे, आणि तो ऑडिटवाल्यांबरोबर बसलेला. पाऊण तास थांबलो.
शैला : मग उद्या सकाळी जाऊन या ना.
अनंत : उद्या दुसरा शनिवार.
शैला : अगंबाई, हो की. (हिरवी साडी खांद्यावर लावून बघते.) या रंगावर पाटल्याच शोभतात.
अनंत : जाडच होत्या तशा. हल्ली कोण घालतं एवढ्या.
शैला : चार तोळ्यांच्या आहेत. आईने हातात घालताना सांगितलं होतं मला.
अनंत : चार कुठे? एकोणचाळीस पॉइंट सहा ग्रॅम.
(शैलाचा साडीवरचा हात थांबतो.)
शैला : ...झिजल्या असतील.
अनंत : हं.
(तो पुन्हा मटार सोलू लागतो. थोड्या वेळाने शैला उठते आणि कपाटातून काचेच्या बांगड्यांचा डबा काढते.)

इथे कुणी घाम पुसलेला नाही, अडखळलेले नाही. तरीही पाटल्या घरात नाहीत, लॉकरमध्ये नाहीत आणि त्या कुठेतरी तराजूवर चढल्या आहेत, हे प्रेक्षकाला कळते. हे कसे घडले ते क्रमाने पाहू.

आधी नेहमीचे वागणे दाखवा...

अनंतने शैलाकडे सरळ बघितले, यात संशय येण्यासारखे काय आहे? एरवी काहीच नाही. पण याच भागात आधी एक छोटा प्रसंग आहे असे धरू. शैला विचारते, ‘गॅसची पावती कुठे ठेवलीत?’ आणि अनंत पेपरातून डोके न काढता म्हणतो, ‘कपाटात.’ ती विचारते, ‘जेवायला वाढू?’ तो म्हणतो, ‘हं.’ त्याचे उत्तर एका शब्दाचे असते आणि त्यासाठी तो मान वर करत नाही, एवढे प्रेक्षकाच्या मनात नकळत नोंदले गेले आहे.

आता पाटल्यांचा विषय निघताच हाच माणूस मान वर करतो, बायकोच्या डोळ्यांत बघतो आणि पाच वाक्ये बोलतो. वेळ सांगतो, मॅडमची रजा सांगतो, ऑडिट सांगतो. यातले काहीही तिने विचारले नव्हते. खोट्याची खूण त्या कृतीत नसते, ती नेहमीच्या वागण्यापासून पडलेल्या अंतरात असते. सतत बोलणारी बाई खोटे बोलताना गप्प होईल. घुमा माणूस तपशील देऊ लागेल. बायकोशी नेहमी तिरसट बोलणारा एकदम मऊ होईल. म्हणून खोट्याचा प्रसंग लिहिण्याचे निम्मे काम त्या प्रसंगाच्या आधीच होते. खोटे कसलेच नाही अशा एखाद्या साध्या, बिनमहत्त्वाच्या क्षणी पात्र कसे बोलते, हे दाखवून ठेवावे लागते. ते न दाखवता थेट खोट्यावर आले, तर तुलनेसाठी प्रेक्षकाकडे काही उरत नाही आणि मग घाम आणि थरथर यांचाच आधार घ्यावा लागतो.

हात थांबण्याचेही तसेच आहे. खोटे बोलताना माणूस चुळबुळ करतो असे आपण धरून चालतो. पण खोटे रचणे, आधी सांगितलेल्याशी ते जुळवणे आणि समोरच्याचा चेहरा वाचणे ही तीन कामे डोके एकदम करत असते. अशा वेळी हालचाल वाढण्याऐवजी कमी झालेलीही दिसते. अनंतचे हात थांबतात आणि शैलाने ‘झिजल्या असतील’ म्हणून विषय मिटवल्यावरच पुन्हा चालू लागतात. पात्राच्या हाताला काहीतरी काम देण्याचा हा फायदा आहे. ते काम कधी थांबते आणि कधी सुरू होते, यातून संवादात नसलेली गोष्ट सांगता येते.

‘होत्या’ आणि ‘आहेत’ यांत काय फरक पडतो?

अनंत म्हणतो, ‘जाडच होत्या तशा.’ शैला लगेच म्हणते, ‘चार तोळ्यांच्या आहेत.’ एकाच वस्तूबद्दल नवरा भूतकाळात बोलतो आणि बायको वर्तमानकाळात. त्याच्या मनात पाटल्या गेलेल्या आहेत, तिच्या मनात त्या लॉकरमध्ये आहेत. तोंडाने तो खोटे सांभाळतो आहे, पण क्रियापदाने खरे सांगितले. शैलाने त्याची चूक दुरुस्त केलेली नाही, ती आपल्या ओघात बोलली. दोन क्रियापदे शेजारी आली म्हणून प्रेक्षकाला फरक ऐकू येतो.

काळाची ही चूक रंगभूमीवर जुनी आहे. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मध्ये तिचा नमुना सापडतो. हेच नाटक वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणले. मॅकबेथने रात्री राजा डंकनचा खून केला आहे. सकाळी दोन सरदार येतात. त्यांतला लेनॉक्स सहज विचारतो, महाराज आज निघणार आहेत का? मॅकबेथ आधी हो म्हणतो आणि लगेच पुस्ती जोडतो, की तसे त्यांनी ठरवले होते. पहिला अर्धा भाग यजमानाचा आहे आणि उरलेला अर्धा खुन्याचा. जो माणूस आता कुठेच जाणार नाही, तो ‘निघणार आहे’ असे म्हणताना त्याची जीभ अडते आणि वाक्य वर्तमानातून भूतकाळात सरकते. लेनॉक्सला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण वाक्य व्याकरणाने आणि अर्थानेही बरोबर आहे. खून झाल्याचे ज्याला माहीत आहे, त्या प्रेक्षकालाच ते टोचते.

त्यापाठोपाठ लेनॉक्स रात्रीच्या वादळाचे लांबलचक वर्णन करतो आणि मॅकबेथ रात्र वाईट होती एवढ्या अर्थाचे चार शब्द बोलतो. खून उघडकीस आल्यावर मात्र तोच मॅकबेथ पहारेकऱ्यांना आपण रागाच्या भरात का मारले, याचे अलंकारिक भाषण ठोकतो. लेडी मॅकबेथ राजाच्या खुनाची बातमी ऐकताच ‘आमच्या घरात?’ अशा अर्थाचा उद्गार काढते. राजाच्या मरणापेक्षा जागेची काळजी आधी तोंडात आली. बँको तिला लगेच सुनावतो की हे कुठेही घडले असते तरी क्रूरच. आणि राजपुत्र माल्कम भावाला सांगतो, की मनात नसलेले दुःख दाखवणे खोट्या माणसाला सोपे जाते. म्हणजे एकाच प्रसंगात चूक प्रेक्षकाला दिसते, काहींना दिसत नाही आणि काहींना दिसूनही ते गप्प राहून पळून जायचे ठरवतात. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वेगळी समज दिली, म्हणून कुणीही मूर्ख ठरत नाही.

एकोणचाळीस पॉइंट सहा ग्रॅम...

अनंतची सर्वांत मोठी चूक ही आहे. शैला घरची भाषा बोलते : चार तोळे. ते वजन तिला तिच्या आईने सांगितले आहे आणि घरात कधी कुणी पाटल्या वजन करून बघितलेल्या नाहीत. ग्रॅममधले, दशांश चिन्हासहित वजन तारण कर्ज देणाऱ्याच्या काट्यावर होते आणि पावतीवर लिहिले जाते. अनंत ते पावतीवर वाचून आला आहे. ‘चार कुठे?’ असे म्हणताना तो खोटे सांगतच नाही. उलट तो खरे बोलतो, आणि ते खरे त्याला माहीत असण्याचे काही कारण नाही.

खोट्याच्या प्रसंगातली सर्वांत भरवशाची चूक ती हीच : पात्राला जे माहीत असायला नको, ते माहीत असणे. तिच्यात तीन गुण आहेत. ती चेहऱ्यावर नसून शब्दांत असते, त्यामुळे अभिनेता कसाही असला तरी पोहोचते. ती नुसता संशय न देता सत्याचा एक तुकडा देते. आणि पात्र ती करते तेव्हा त्याला आपण चुकलो असे वाटत नसते. अनंत तर बायकोची चूक दुरुस्त करतो आहे. खोटे सांभाळण्याकडे त्याचे लक्ष असते तेव्हा तो सावध असतो. बारीकसारीक गोष्टीत बरोबर ठरण्याच्या सवयीने तो बोलतो, तेव्हा पडदा सरकतो. म्हणून अशी चूक खोट्याच्या मध्यभागी ठेवू नये. ‘सुटलो’ असे पात्राला वाटल्यानंतर ती ठेवावी. इथे दुसरा शनिवार मान्य झाला, बँकेचा विषय संपला, त्यानंतर ग्रॅम आले.

अशी चूक शोधायची कशी? लेखकाने आधी खोट्यामागची खरी घटना पूर्ण लिहून काढावी. अनंत कुठे गेला, काउंटरवर कोण होते, काय मोजले, कशावर सही केली, पावती कुठे ठेवली. या घटनेतून पात्राच्या डोक्यात कोणते शब्द, आकडे, नावे शिरली त्याची यादी करावी. त्यांतली जी गोष्ट घरातल्या बोलण्यात येण्यासारखी नाही, ती एक निवडावी आणि घरगुती गप्पांच्या ओघात तिला वाट करून द्यावी. खरी घटना ठरवलेलीच नसेल, तर निवडायला काही नसते आणि मग लेखक पुन्हा घामाकडे वळतो.

मराठीत कोणत्या जागा आयत्या मिळतात?

मराठी क्रियापद बहुतेक वेळा बोलणाऱ्याचे किंवा ज्याच्याबद्दल बोलले जाते त्याचे लिंग सांगते. ‘ऑफिसातल्या एका मित्राकडे उशीर झाला’ असे सांगणाऱ्या पात्राच्या तोंडून तीन वाक्यांनंतर ‘म्हणाली, जेवूनच जा’ असे निघाले, तर आणखी काही लिहावे लागत नाही. ‘ती’ हे सर्वनामही लागत नाही, ‘म्हणाली’तला शेवटचा स्वर पुरतो. ‘मित्राची बायको म्हणाली’ असे सावरण्याची संधीही पात्राला मिळते आणि ते सावरणे प्रेक्षकासाठी दुसरा पुरावा ठरते.

दुसरी जागा कर्त्याला लपवण्याची. ‘मी पैसे भरले नाहीत’ आणि ‘पैसे भरायचे राहून गेले’ यांत माणूस गायब होतो. ‘मी बरणी फोडली’ आणि ‘बरणी फुटली’ यांतही तसेच. मराठीत ही वाक्ये इतकी सहज आहेत की समोरच्याला खटकत नाहीत. पण एरवी ‘मी केलं, मी आणलं, मी सांगितलं’ असे मिरवणारे पात्र एका विषयावर आले की ‘झालं’, ‘राहिलं’, ‘हरवलं’ असे बोलू लागले, तर तो विषय प्रेक्षकाच्या लक्षात राहतो. इथेही आधीच्या सवयीशी तुलना हवीच. आधी ‘मी, मी’ ऐकवले नसेल, तर नुसते ‘राहून गेलं’ काहीच सांगत नाही.

प्रेक्षकाला आधीच सत्य सांगावे का?

हा निर्णय लेखकाला लिहायला बसण्यापूर्वी घ्यावा लागतो, कारण त्याच ओळींचा परिणाम त्यावर बदलतो. अनंत तारण काउंटरवर पाटल्या ठेवतो आहे, हे आधी दाखवले असेल, तर ग्रॅमचे वाक्य ऐकताना प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो : आता ही पकडणार. दाखवले नसेल, तर तेच वाक्य कोडे सोडवते : म्हणजे पतपेढीचे कर्ज खोटे होते! पहिल्या मार्गात प्रेक्षक अनंतच्या बाजूने घाबरतो, दुसऱ्या मार्गात तो शैलाच्या बरोबरीने शोध घेतो. दुसऱ्या मार्गात मात्र जोडायला दोन टोके द्यावी लागतात. मुलाच्या फीचा आणि पतपेढीचा उल्लेख आधी येऊन गेला नसेल, तर ग्रॅम ऐकूनही प्रेक्षक कुठेच पोहोचणार नाही.

दुसऱ्या मार्गाचे मोठे उदाहरण मराठीतच आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात लीला बेणारे पहिल्या अंकभर हसते, चिडवते, सगळ्यांच्या नकला करते. हौशी नाटक मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा करतात आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. आरोप खेळातला असतो. पण तो ऐकून बेणारे सुन्न होते आणि वातावरण गंभीर होते. तिने काहीही कबूल केलेले नसते. जी बाई प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलत होती, तिला याच एका थट्टेवर बोलता आले नाही, एवढ्यावरून प्रेक्षकाला कळते की खेळाने खऱ्याला हात लावला आहे. तिचे आधीचे हसणे लिहिले गेले नसते, तर या शांततेला किंमत आली नसती.

समोरच्याला का कळत नाही?

खोटे पचण्यासाठी ऐकणाऱ्याकडे कारण हवे. शैलाचे लक्ष साड्यांवर आहे, बँकेचे कारण रोजच्या अनुभवातले आहे आणि दुसरा शनिवार तर खराच आहे. चांगल्या खोट्यात बरेचसे तपशील खरे असतात. पण सर्वांत मजबूत कारण वेगळेच असते : ऐकणाऱ्याला ते खोटे मानायची गरज असते. ग्रॅम ऐकून शैलाचा हात थांबतो. मग ‘झिजल्या असतील’ हे स्पष्टीकरण ती स्वतःच नवऱ्याला पुरवते. तिला कळले की नाही, हे लेखकाने सांगितलेले नाही. परंतु दोन दिवसांवर भाचीचा साखरपुडा असताना हा विषय उकरणे तिला परवडणारे नाही, एवढे दिसते. ती काचेच्या बांगड्या काढते, तेव्हा खोटे एकट्या अनंतचे राहत नाही. प्रसंगाच्या सुरुवातीला एक जण लपवत होता, शेवटी दोघे लपवत आहेत. प्रसंगाने कथा पुढे नेली ती इथे.

कुठे फसते आणि ते कसे ओळखायचे?

सगळ्यात जास्त फसते ते चुकांच्या गर्दीने. वरच्या प्रसंगात अनंतच्या हातून मटारही सांडले असते, त्याने चहा करायची तयारीही दाखवली असती आणि फोनवर कर्जाचा संदेशही आला असता, तर यातली प्रत्येक गोष्ट वेगवेगळी चांगली असूनही एकत्र खोटी वाटली असती. एका प्रसंगाला वागण्यातला एक बदल आणि शब्दांतल्या एक-दोन चुका पुरतात. त्याही चढत्या क्रमाने हव्यात. आधी मान वर होणे, मग ‘होत्या’, मग ग्रॅम. क्रम उलटा केला, तर ग्रॅमनंतर ‘होत्या’ कुणाला ऐकूही येणार नाही.

दुसरी फसगत म्हणजे चूक झाल्यावर ती पात्राकडूनच वाचून दाखवणे. अनंत ‘ग्रॅम’ म्हणाल्यावर जीभ चावतो आणि शैला ‘तुम्हाला कसं माहीत?’ असे विचारते, हे लिहिण्याचा मोह होतो. तसे केले की प्रसंग खोट्याचा न राहता पकडले जाण्याचा होतो. तो प्रसंगही हवा असेल, पण त्याची जागा वेगळी. साखरपुड्याहून परतल्यावर, बांगड्या उतरवताना, शैला तोच आकडा शांतपणे उच्चारू शकते.

लिहिलेले साधले की नाही, हे तपासायला एक सोपी रीत आहे. कंसातल्या सर्व सूचना झाकून नुसते संवाद अशा माणसाला वाचायला द्यावेत, ज्याला कथा माहीत नाही. आधीचा गॅसच्या पावतीचा प्रसंग मात्र सोबत द्यावा. वाचून झाल्यावर दोनच प्रश्न विचारावेत : पहिली शंका कोणत्या ओळीला आली आणि खरे काय घडले असेल? पहिल्याच ओळीचे नाव आले, तर खुणा जास्त झाल्या आहेत. ‘काहीतरी लपवतोय, पण काय ते कळलं नाही’ असे उत्तर आले, तर खूण सर्वसाधारण आहे. खऱ्या घटनेतला तुकडा तिच्यात उतरलेला नाही. आणि ‘ती बाई एवढी भोळी कशी?’ असे विचारले गेले, तर अनंतच्या ओळी तशाच ठेवून आधी शैलाच्या ओळी पुन्हा लिहायला घ्याव्यात.